बाई, प्लेटला भोक का पडलं? (गरम रस्सा, थर्माकोल आणि कागदी कप)



पालक मेळाव्याच्या दिवशी शाळेत मिसळ आणि कांदाभजी होती. प्लेट्स आठवडी बाजारातून आणलेल्या, पांढऱ्या थर्माकोलच्या. बंदी असली तरी त्या मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. कढईतून काढलेली भजी कुणीतरी थेट प्लेटमध्ये टाकली आणि दोन मिनिटांत चौथीतला एक मुलगा प्लेट घेऊन माझ्याकडे आला. "बाई, प्लेटला भोक का पडलं?" भजीच्या खाली खरंच खळगा पडला होता आणि मधोमध आरपार भोक होतं. शेजारच्या मुलीच्या प्लेटमध्ये गरम रस्सा होता, पण तिच्या प्लेटला काहीच झालं नव्हतं. म्हणून तिने निवांत खाल्लं.

त्या दिवशी मी मुलाला "गरम होतं ना, म्हणून" एवढंच सांगून वेळ मारून नेली. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की खरा विचार त्या मुलीच्या न बिघडलेल्या प्लेटचा करायला हवा होता.

आधी भोक. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक, फुगवून हलकं केलेलं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त हवाच असते, प्लास्टिकच्या भिंती अगदी पातळ. हे प्लास्टिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. भजीचं तेल मात्र १७० ते १८० अंशांवर तापलेलं असतं. कढईतून निघालेली भजी अजून तेवढीच तापलेली नसली तरी तिच्या अंगावरचं तेल १०० च्या बरंच वर असतं. त्यामुळे भिंती बसतात, हवा निघून जाते, खळगा पडतो. रस्सा हा मुख्यतः पाणी. पाणी उकळतं तेच १०० अंशांवर, आणि वाढेपर्यंत तो आणखी निवतो. म्हणून रश्शाने भोक पडत नाही.

पण भोक पडलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं नाही. हे मुलांना समजवायला मी मण्यांची माळ वापरते. स्टायरीन नावाचे छोटे छोटे मणी एकमेकांत ओवले की पॉलिस्टायरीनची लांबच लांब माळ तयार होते. कारखान्यात ओवताना सगळेच मणी माळेत जात नाहीत. थोडे सुटे राहतात आणि माळांच्या गुंत्यात अडकून बसतात. माळ मोठी असते, ती सहसा जागची हलत नाही. सुटा मणी मात्र लहान असतो, तो वाट काढत बाहेर येतो आणि प्लेटमध्ये जे असेल त्यात मिसळतो. याला शास्त्रीय भाषेत स्थलांतर म्हणतात, आपण झिरपणं म्हणू. डोळ्यांना काही दिसत नाही आणि प्लेट जशीच्या तशी राहते.

किती झिरपेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. पदार्थ किती गरम आहे, किती वेळ त्यात राहिला, आणि त्यात तेल किती आहे. पहिल्या दोन सहज पटतात. तेलाचं मात्र सांगावं लागतं. स्टायरीन पाण्यात फारसं विरघळत नाही, पण तेलात-तुपात चांगलं विरघळतं. म्हणजे एकाच तापमानाला, तेवढ्याच वेळात, वरणाच्या पाण्यापेक्षा मिसळीच्या तर्रीत ते जास्त जाणार. फोमच्या डब्यात पार्सल आलेली बटर घातलेली भाजी घरी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास झाकणाखाली गरम राहते. तीनही गोष्टी तिथे एकत्र येतात. त्यामानाने त्याच प्लेटमध्ये दिलेला कोरडा पोहे-चिवडा ही फार छोटी गोष्ट आहे.

वर्गात करून दाखवायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. थर्माकोलचा एक तुकडा घ्या. एका जागी पाण्याचा थेंब, दुसऱ्या जागी गोडेतेलाचा थेंब ठेवा. तिसऱ्या जागी संत्र्याची साल दुमडून जोरात पिळा, म्हणजे सालीतला रस तुषारासारखा त्यावर पडेल. थोडा वेळ थांबा. पाणी आणि गोडेतेल नुसतेच बसून राहतील. संत्र्याच्या सालीखाली मात्र थर्माकोल खरबरीत होईल, बारीक खळगे पडतील आणि बोट लावलं तर चिकट लागेल. इथे उष्णता नाही, काही नाही! सालीत लिमोनीन नावाचं सुगंधी तेल असतं आणि ते पॉलिस्टायरीनला विरघळवतं. लिंबाच्या सालीतही तेच असतं. थर्माकोलच्या कपात लेमन टी देऊन वर सालीसकट फोड टाकतात तेव्हा हाच प्रयोग आपल्या कपात चालू असतो. दोष लिंबाच्या आंबट रसाचा नाही, सालीतल्या तेलाचा आहे. मुलं इथे हमखास चुकतात (मीही चुकले होते).

मात्र प्रयोग दाखवून झाल्यावर एक गोष्ट सांगायची राहू नये. गोडेतेलाखाली खळगा पडला नाही म्हणून तेल निर्दोष, असा निष्कर्ष मुलं लगेच काढतात. वितळणं, विरघळणं आणि झिरपणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन दिसतात, तिसरी मोजायला प्रयोगशाळा लागते.

आता घाबरावं किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'माणसात कर्करोग होण्याची बहुधा शक्यता' या गटात टाकलं. त्याआधी ते एक पायरी खाली, 'शक्यता असू शकते' या गटात होतं. पण ही यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते. एका प्लेटने किती धोका होतो, ते सांगत नाही. या विषयातला बराचसा पुरावा कारखान्यात श्वासावाटे स्टायरीन घेणाऱ्या कामगारांचा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे. अन्नात झिरपतं ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आणि दालचिनीत स्टायरीन निसर्गतःच असतं, हेही खरं आहे. तेव्हा मेळाव्यात मिसळ खाल्लेल्या मुलांच्या पालकांना मी घाबरवणार नाही. पण रोज संध्याकाळी फोमच्या डब्यातून गरम तेलकट जेवण आणणाऱ्या घराला नक्की सांगेन की हे टाळता येण्यासारखं आहे, मग का घ्यायचं?

कागदी कपाची गोष्ट वेगळी आहे, आणि लोक तिथे जास्त फसतात, कारण 'कागद' या शब्दाने निश्चिंत होतात. नुसत्या कागदात गरम चहा किती वेळ राहील? आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, बहुतेक वेळा पॉलिथिनचा. व्हॉट्सॲपवर फिरतं की कपाला आतून मेण असतं आणि ते वितळून पोटात जातं. मेण लावलेले कप थंड पेयांसाठी असायचे, गरम चहात मेण टिकणारच नाही. आपल्या चहाच्या कपात पॉलिथिन असतं. खात्री करायची तर कप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी कागदाचा लगदा बोटांनी चोळून काढा, हातात पारदर्शक पातळ पापुद्रा उरेल.

या पापुद्र्यावर आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी काम केलं. २०२० मध्ये त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. त्यांनी कागदी कपात १०० मिलीलीटर गरम पाणी, ८५ ते ९० अंश तापमानाचं, १५ मिनिटं ठेवलं. त्या पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. इथे सुटे मणी बाहेर येत नाहीत, उष्णतेने थराचेच बारीक कण निघतात. बातम्यांमध्ये पुढचा हिशेबही होता. दिवसाला तीन कप, म्हणजे ७५,००० कण.

हा आकडा सांगताना त्याच्या अटीही सांगा. चहा नव्हता, पाणी होतं, आणि ते १५ मिनिटं कपात होतं. तुम्ही पाच मिनिटांत चहा संपवलात तर एक तृतीयांश कण, असं त्रैराशिक मांडू नका. कण वेळेच्या प्रमाणात सारखेच निघतात असं त्या आकड्यातून सिद्ध होत नाही. शिवाय हे कण पोटात गेल्यावर काय करतात हे अजून ठरलेलं नाही. पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म प्लास्टिकबद्दल २०१९ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेनेही पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं आणि आणखी संशोधनाची मागणी केली. पण आपल्या स्टाफरूमचं चित्र आठवा. चहा येतो, तेवढ्यात घंटा होते, कप टेबलावर झाकून ठेवतो आणि तास संपल्यावर गार चहा पितो. त्या प्रयोगातल्या १५ मिनिटांपेक्षाही हा वेळ जास्त होतो.

दुकानदार हल्ली डब्यावरचं 'बीपीए फ्री' दाखवतात. बीपीए हे दुसऱ्याच एका प्लास्टिकशी संबंधित रसायन आहे. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिथिन बनवायला ते लागतच नाही. म्हणजे फोमच्या डब्यावर 'बीपीए फ्री' लिहिणं हे केळ्यावर 'बिया नाहीत' लिहिण्यासारखं आहे. त्यापेक्षा डबा उलटा करून त्रिकोणातला अंक पाहा. ६ असेल तर पॉलिस्टायरीन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पॉलिप्रॉपिलीन बऱ्याच जास्त तापमानापर्यंत टिकतं, त्यामुळे नाइलाज असेल तर गरम पदार्थासाठी ५ चा डबा घ्यावा. फोमच्या डब्यात पार्सल आलंच तर घरी येताच स्टीलच्या भांड्यात काढा आणि त्या डब्यात परत गरम करू नका.

पर्याय म्हणून लोक पटकन कागदी पत्रावळी आणतात. चकचकीत चंदेरी द्रोण-पत्रावळी दिसली की कडेला थोडी फाडून पाहा. कागद सरळ फाटला आणि मागे ताणला जाणारा पापुद्रा राहिला, तर तिथेही प्लास्टिकच आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ किंवा केळीचं पान असेल तर हा प्रश्नच येत नाही.

यावर्षी मेळाव्याच्या चिठ्ठीत आम्ही एक ओळ वाढवली, 'येताना घरून ताटली व पेला आणावा'. शालेय पोषण आहारासाठी मुलं आपापली ताटली आणतातच, पालकांनाही तेच सांगितलं. चार-पाच जण विसरले, त्यांना शाळेतल्या ताटल्या दिल्या. अडचण फक्त धुण्याची आली. हातपंपाजवळ दोन बादल्या ठेवल्या, एक राखेच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. तिथे रांग लागली आणि भाषणं वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. पुढच्या वेळी चार बादल्या ठेवणार आहोत.