लाल शाईने खोडण्याआधी

आज बोलू हाताखालच्या माणसाचा मसुदा तपासण्याबद्दल.

फौजेत मी बरीच वर्षं मसुदे एकाच पद्धतीने तपासले. वाक्य खोडायचं, वर आपलं लिहायचं. तरुण अधिकारी ते निमूटपणे टंकून आणायचा आणि पुढच्या मसुद्यात तीच चूक करायचा. त्याला माझं वाक्य मिळायचं, कारण मिळत नसे.

एकदा तोफांच्या सरावाआधी गावांत लावायची सूचना एका कॅप्टनने लिहिली. मूळ हिंदीत होती, मराठीत सांगतो: ‘१२ तारखेला पहाटेपासून क्षेत्रात गोळीबार होईल. नागरिकांनी शक्यतो तो भाग टाळावा.’ या वेळी मी काहीच खोडलं नाही. शब्दांवर आकडे घातले आणि समासात लिहिलं:

१. ‘पहाटेपासून’: गुराखी चारला निघतो, तू सहा धरतोस. संपायची वेळ नसल्याने आवाज थांबला की तो आत शिरेल.

२. ‘क्षेत्रात’: नकाशा आपल्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. हद्द त्याला कशी कळणार?

३. ‘शक्यतो’: हा शब्द वाचणाऱ्याला सूट देतो. इथे सूट द्यायची आहे का?

४. राहिलेलं: न फुटलेला गोळा भंगार म्हणून उचलला, तर जीव जाईल.

५. पहिलं वाक्य मी उलटं लिहिलं असतं. ही माझी आवड, बदललं नाहीस तरी चालेल.

प्रत्येक शेऱ्यात दोन गोष्टी आहेत: नेमकी जागा, आणि तिथे वाचणाऱ्याचं काय होईल. ‘नीट नाही’, ‘सुधारा’ असले शेरे यात बसत नाहीत. कारण लिहिताच आलं नाही, तर बहुधा ती आपली आवडच असते. ती वेगळी दाखवावी, नाहीतर चूक कोणती आणि साहेबांची लहर कोणती, हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वेळा घातल्या, ओढा आणि पक्की सडक ही हद्द लिहिली, ‘शक्यतो’ काढला, न फुटलेल्या गोळ्याला हात लावू नये असं बजावलं. शिवाय एक नवं वाक्य होतं: ‘टेकडीवर लाल झेंडा असेपर्यंत आत येऊ नये.’ म्हणाला, “सर, गुराख्याकडे घड्याळ नसलं तर?” झेंडा आम्ही लावतच होतो, पण तो सूचनेत लिहावा हे मला सुचलं नव्हतं. मी माझं वाक्य दिलं असतं, तर त्यालाही सुचलं नसतं.

अर्थात कागद तासाभरात जायचा असेल, तर स्वतः दुरुस्त करा. मात्र कारणं संध्याकाळी बसून सांगा. ती पोचली की नाही, हे त्याच्या पुढच्या, वेगळ्या विषयावरच्या मसुद्यात दिसतं. तिथे ‘शक्यतो’ लिहिताना तो आपणहून थांबला असेल, तर तुमचा शेरा कामी आला.