कर्ज फिटल्याचा संदेश

‘आपले गृहकर्ज खाते बंद झाले आहे. कागदपत्रांसाठी शाखेशी संपर्क साधावा.’ या संदेशात किती रक्कम, कोणत्या दिवशी जमा झाली, हेच नाही. तो असा लिहिता येतो: ‘१० जून रोजी ४,१२,६५० रुपये जमा झाले. यात त्या दिवसापर्यंतचे व्याज धरले आहे; आता बाकी शून्य. मूळ खरेदीखत १० जुलैपर्यंत कर्जाच्या शाखेत मिळेल. येताना ओळखपत्र आणावे.’ यातली पहिली तारीख मोलाची, कारण मुदत तिथूनच मोजली जाते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला, तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.