सोळावी स्लाइड दुसरी कर

शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या एका सहकारिणीने 18 स्लाइडचा कच्चा डेक पाठवला. सोबत एकच ओळ: ‘जरा बघून सांगशील?’ नाशिक मार्गासाठी दोन जादा गाड्या मागायच्या होत्या आणि सोमवारी वरिष्ठांसमोर तिला 15 मिनिटं मिळणार होती.

मी आधी पॉवरपॉइंटचा स्लाइड सॉर्टर उघडून फक्त शीर्षकं ओळीने वाचली. ‘पार्श्वभूमी’, ‘आकडेवारी’, ‘आढावा’. गाड्यांचा पत्ताच नाही. दुखणं मांडणीत होतं, म्हणून मेलमध्येही मांडणी आधी घेतली. जी स्लाइड पुढे काढूनच टाकायची, तिचे रंग तिला सुधारायला लावण्यात अर्थ नव्हता.

‘डेक दोनदा वाचला. स्लाइड 7 वरच्या तक्त्याला हात लावू नकोस. उशिराच्या खेपा गाडीनिहाय दाखवल्यामुळे चालकांचा दोष नाही, गाड्याच कमी पडतात, हे लगेच पटतं.

तुला काय हवंय ते मात्र मला सोळाव्या स्लाइडवर कळलं. ती दुसरी करशील का? तिच्यामागे 7 घे. 3 ते 6 ही पार्श्वभूमी परिशिष्टात गेली तर चालेल का? “आकडेवारी” या शीर्षकाऐवजी “नाशिकच्या तीन खेपांपैकी एक उशिरा पोचते” असं वाक्यच लिही.

स्लाइड 9 च्या पाय चार्टमध्ये नऊ तुकडे आहेत. त्यातला मोठा कोणता, ते मला ओळखता आलं नाही. आडवे बार घेऊन मोठ्यापासून लहान असे लाव. लाल आणि हिरवा काहींना वेगळे दिसत नाहीत, त्याऐवजी गडद निळा आणि राखाडी चालेल.’

शीर्षकाचा आग्रह मी उगाच धरत नाही. 2003 मध्ये कोलंबिया यान उड्डाणात असताना अभियंत्यांनी केलेल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. यानावर आदळलेला फोमचा तुकडा चाचण्यांतल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठा होता, ही गोष्ट मात्र अगदी खालच्या ओळीत होती. एडवर्ड टफ्टी यांनी ते दाखवून दिलं आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्याची दखल घेतली.

मेलमध्ये ‘तू चुकलीस’ असं कुठेच नाही, ‘मला कळलं नाही’ असं आहे. वाचणाऱ्याची अडचण कुठे झाली ते तोच सांगू शकतो, आणि त्यावर वाद होत नाही. तक्त्याचं कौतुक सकारण केलं, कारण नुसतं ‘छान’ लिहिलं असतं, तर फेरफार करताना तो तक्ताच उडाला असता. टायपिंगच्या सहा चुका मी लिहिल्या नाहीत. मांडणी हलल्यावर त्यातल्या निम्म्या स्लाइड उरणारच नव्हत्या.

रविवारी तिचं उत्तर आलं. बाकी सगळं बदललं होतं, फक्त चौथी स्लाइड तिने ठेवली होती. बैठकीला येणारे एक साहेब नवे होते आणि गाड्या कमी करण्याचा मागचा निर्णय त्यांना ठाऊक नव्हता. हे मला माहीत नव्हतं. ती स्लाइड तिथेच राहिली.