चोपण मातीचा बांध आणि एक मिलिमीटरचं भोक
मातीचे बांध : लेखांक 9

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात पोटो नदीवर विस्टर नावाचं मातीचं धरण आहे. ते नुकतंच बांधून झालं होतं. जानेवारी 1949 मध्ये जोराचा पाऊस झाला, जलाशय पहिल्यांदाच भराभर चढला आणि काही दिवसांतच धरणाच्या खालच्या उतारावर गढूळ पाणी वाहू लागलं. पाणी आत शिरण्याची जागा आणि बाहेर पडण्याची जागा यांत निदान 740 फूट अंतर होतं, आणि पाण्याचा दाब होता जेमतेम 15 फुटांचा. म्हणजे दर 50 फुटांना एक फूट उतार. एवढ्या सपाट वाटेने जाणारं पाणी दाबून बसवलेल्या चिकणमातीतून बोगदा पाडेल, असं तेव्हाचं शास्त्र सांगत नव्हतं. धरण वाहून गेलं नाही, पण त्या पाण्याचा उलगडा व्हायला वीसेक वर्षं गेली.

मागच्या लेखांकात आपण हार्टिंगच्या काळ्या मातीची दबाई पाहिली. माती चिकण असावी, ओलावा बरोबर असावा, रोलर पुरेसा फिरवावा. विस्टरमध्ये माती चिकणच होती. दोष तिच्या स्वभावात होता. आणि तो स्वभाव आपण मातीच्या अहवालात नेहमी बघतो त्या आकड्यांत, म्हणजे कणांचा आकार, द्रवमर्यादा, सुघट्यता यांत, दिसत नाही. दोन मातींचे हे सगळे आकडे सारखे असू शकतात आणि तरी एकीचा बांध पन्नास वर्षं टिकतो, दुसरीचा पहिल्या भरण्यात फुटतो.

गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की पाणी निवळतं, हे आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या माहीत आहे. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते स्वतःच्या वजनाने लवकर तळाला जात नाहीत. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा तिहेरी धनभार त्यांना एकत्र आणतो, गोळे बनतात, गोळे खाली बसतात. चांगल्या शेतजमिनीत हेच काम दुहेरी भाराचा कॅल्शियम करतो. चोपण जमिनीत मात्र कणांच्या अंगाला कॅल्शियमऐवजी सोडियम चिकटलेला असतो. त्याचा भार एकेरी आणि भोवती पाण्याचं वेष्टण जाड, त्यामुळे कणांना धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी पडते. शुद्ध पाणी मिळालं की एकेक कण आपोआप सुटतो आणि पाण्यात तरंगत राहतो. पाण्याला वेग लागत नाही, खेचण्याचा जोर लागत नाही. म्हणूनच विस्टरला 15 फुटांचा दाब पुरला. अभियंते अशा मातीला डिस्पर्सिव्ह क्ले म्हणतात. आपण विखुरणारी माती म्हणू.

बांधात भेगा पडतातच. भराव एका जागी जास्त बसतो, दुसरीकडे कमी. पाइपाच्या खाली आणि बाजूला रोलर पोचत नाही. उन्हाळ्यात माथा वाळून फाटतो. साधी चिकणमाती असेल तर भेगेत पाणी शिरल्यावर कडा फुगतात आणि भेग बुजते. विखुरणाऱ्या मातीतही फुगणं होतं, पण त्याच वेळी कडांवरचे कण सुटून पाण्याबरोबर निघून जातात. या दोन क्रियांची शर्यत लागते. पाणी भराभर चढलं तर फुगायला वेळच मिळत नाही. त्यामुळे असे बांध बहुधा पहिल्याच भरण्यात जातात, आणि बहुतेकदा पाइपाच्या कडेने. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याच्या ओक्लाहोमा आणि मिसिसिपीतल्या छोट्या पूरनियंत्रण बांधांवर जेम्स शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच नमुने तपासले. ऑस्ट्रेलियातल्या शेततळ्यांनी तर हा धडा त्याच्याही आधी दिला होता.

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात जवळून दिसतो तो पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या एका गावात मला एका शेतकरीदादांनी बोलावलं होतं. शेजारच्या शेततळ्याचा बांध मृगाच्या दुसऱ्या पावसात पाइपाजवळ फुटला होता, आणि यांना स्वतःच्या तळ्याचा बांध घालायचा होता. त्यांनी कुठेतरी ऐकून मातीचं ढेकूळ पाण्यात टाकून पाहिलं होतं. “पाणी नितळच राहिलं जी,” ते म्हणाले. “मंग माती चांगलीच म्हणायची ना?”

मी विचारलं, पाणी कुठलं घेतलं होतं? बोअरचं.

सगळी गोष्ट या एका उत्तरात आहे. खाऱ्या पाण्यातले क्षार तुरटीचंच काम करतात, थोडं कमी जोराने. त्यात सोडियम असला तरी क्षारांचं एकूण प्रमाण जास्त असेल तर कण सुटत नाहीत. बांध भरतो तो पावसाच्या पाण्याने, आणि त्यात क्षार जवळपास नसतात. ज्या पाण्याशी बांधाची गाठ पडायची आहे, त्याच्यासारख्या पाण्यातच माती तपासायला हवी. यातून आणखी एक गोष्ट निघते. माती खारवट आणि चोपण दोन्ही असेल, तर सुरुवातीला तिच्यातलेच क्षार तिला धरून ठेवतात. पावसाने ते धुऊन गेले की मागे राहतो तो नुसता चोपणपणा. बांध काही पावसाळे टिकला, एवढ्याने खात्री धरता येत नाही.

आम्ही तीन काचेचे ग्लास घेतले. एकात बोअरचं पाणी, एकात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, एकात स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी. माती घेतली ती खोदायच्या जागेतली, एक वरच्या थरातली आणि एक मीटरभर खोलीची, दोन्हींसाठी ग्लास वेगळे. माती वाळवायची नाही. खोदताना जशी ओली निघाली तशीच ठेवायची, कारण वाळल्यावर तिचं वागणं बदलतं. साधारण 1 सेंटिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा हळूच तळाला सोडायचा आणि ग्लास हलवायचा नाही. दोन मिनिटांनी एकदा बघायचं, दहा मिनिटांनी पुन्हा, मग तासाने, शेवटी सहा तासांनी.

बघायचं काय, इथे बरेच जण चुकतात. तुकडा ढासळून तळाला ढीग झाला, पण वरचं पाणी नितळ राहिलं, तर ते विखुरणं नव्हे. कोरडसर माती पाण्यात अशी ढासळतेच. खूण आहे ती पाण्यात उठणाऱ्या धुरकट वलयाची. तुकड्याच्या कडेला, पाण्यात दूध मिसळावं तसा पांढुरका पदर दिसू लागतो. तो फक्त तुकड्याला लागून असेल तर शंका घ्यायची, तळभर पसरला तर माती विखुरणारी, आणि सगळा ग्लास गढूळ होऊन तसाच राहिला तर फारच. दादांच्या बोअरच्या पाण्यातला तुकडा ढासळला आणि पाणी नितळ राहिलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये वरच्या थराच्या मातीभोवती फिकट वलय आलं. खोलीच्या मातीने दहा मिनिटांत तळ भरला, संध्याकाळपर्यंत ग्लासाच्या पलीकडचं दिसेना. पावसाच्या पाण्यातही तेच. एकाच खड्ड्यातली माती, दोन थरांत दोन स्वभाव. रंगावरून यातलं काहीच कळलं नसतं, दोन्ही काळ्याच होत्या.

या परीक्षेची मर्यादा मात्र सांगायला हवी. ग्लास गढूळ झाला तर माती विखुरणारी, यावर भरवसा ठेवता येतो. ग्लास नितळ राहिला तर माती चांगली, हे खरं असेलच असं नाही. विखुरणाऱ्या मातींपैकी सुमारे 40 टक्के या परीक्षेत निर्दोष ठरू शकतात, असं आढळलं आहे. गढूळ ग्लास पाहून माती नाकारावी. नितळ ग्लास पाहून ती पास करू नये.

पुढची पायरी म्हणजे पिनहोल परीक्षा. शेरार्ड, डनिगन, डेकर आणि स्टील यांनी ती 1976 मध्ये मांडली. हिचं मोठेपण असं की ती मातीचं रसायन शोधत बसत नाही. बांधातली भेगच प्रयोगशाळेत उभी करते. माती ठरल्या ओलाव्यावर प्लास्टिकच्या नळीत दाबून बसवतात आणि तिच्यातून सुईने आरपार 1 मिलिमीटरचं भोक पाडतात. त्यातून डिस्टिल्ड वॉटर सोडतात, आधी फक्त 50 मिलिमीटर दाबाने. एवढा दाब म्हणजे जेमतेम तीन बोटं पाणी. विखुरणारी माती इथेच उघडी पडते: बाहेर येणारं पाणी गढूळ, प्रवाह वाढत जाणारा, आणि पाच-दहा मिनिटांनी नमुना कापून पाहिला तर भोक दुप्पट किंवा त्याहून मोठं झालेलं. पाणी नितळ आलं तर दाब 180, मग 380, मग 1020 मिलिमीटरपर्यंत वाढवतात. त्या शेवटच्या दाबालाही पाणी नितळ आणि भोक होतं तेवढंच राहिलं, तर ती माती विखुरत नाही. गढूळपणा बघायला यंत्र लागत नाही. मोजपात्रात पाणी धरून वरून आणि बाजूने डोळ्यांनी बघतात.

दादांच्या दोन्ही थरांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. नमुने हवाबंद पिशवीत, ओले, वेगवेगळे बांधून, प्रत्येकावर खोली लिहून. दोन थर एकाच पोत्यात भरले असते तर उत्तरही सरमिसळ आलं असतं. खोलीची माती 50 मिलिमीटरलाच नापास झाली. वरची माती 380 पर्यंत टिकली, तिथे पाणी किंचित गढूळलं. म्हणजे मधली प्रत.

बांध आधीच उभा असेल तर पाऊस स्वतः परीक्षा घेऊन ठेवतो, फक्त फिरून बघावं लागतं. खालच्या उतारावर पावसाने पाडलेली उभी बिळं दिसतात, तोंड अरुंद आणि पोट मोठं, जणू कुणी सुरई पुरून काढली आहे. ती उंदराची नाहीत. तोंडाशी उकरलेली माती नसते. खड्ड्यात साचलेलं पाणी आठ-आठ दिवस निवळत नाही. बांधाच्या पायथ्याशी पाझर असेल तर तो ग्लासात धरावा. नितळ पाझर चालेल. गढूळ पाझर दिसला तर त्याच दिवशी तळ्यातलं पाणी उतरवायला घ्यावं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

दादांनी काय केलं? खोलीची माती हार्टिंगमधून बाद केली. ती खालच्या बाजूला वाळत ठेवली नाही, शेताच्या दूरच्या कडेला टाकली. वरची मधल्या प्रतीची माती वापरायची ठरली, पण तिच्यात 2 ते 3 टक्के विझवलेला चुना मिसळून, ओलावा ठरल्या मात्रेहून थोडा जास्त ठेवून. चुना म्हणजे कॅल्शियम. तो सोडियमची जागा घेतो. त्यांच्याकडे जिप्सम होतं, शेतात घालायला आणलेलं. तेही चालतं, पण पाण्यात हळू विरघळतं आणि मातीत एकजीव व्हायला वेळ घेतं, म्हणून पाइपाभोवती त्यावर विसंबायचं नाही असं ठरलं. पाइपाच्या लांबीचा बाहेरच्या तोंडाकडचा तिसरा हिस्सा बारीक, धुतलेल्या वाळूने चहूबाजूंनी वेढला. सुटलेले कण वाळूच्या तोंडाशी अडकतात आणि भेग तिथेच बुजते. वाळू किती बारीक हवी, आणि खडीचा थर थेट मातीला लावला तर तो का उपयोगाचा नाही, हे पुढच्या लेखांकात.