नवं हृदय चालतं, तरी माणूस का जात असे?

फेब्रुवारी १९६८. केप टाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करून जेमतेम अडीच महिने झाले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. बसवलेलं हृदय धडधडू लागलं, पण रुग्ण काही तासांतच गेला. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला विरोध हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. आज कोल्हापूरच्या एखाद्या रुग्णाला ‘तुमचं हृदय बदलता येईल का’ याचं उत्तर मिळतं, ते बऱ्याच अंशी याच विरोधाच्या मोजणीवरून.

डावं हृदय वर्षानुवर्षं दुबळं राहिलं की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. तिथला दाब चढतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या हळूहळू आवळून, जाड होऊन बसतात. रुग्णाच्या हृदयाची उजवी बाजू या वाढत्या दाबाला सरावत जाते. दात्याच्या हृदयाला मात्र असा सराव नसतो. निरोगी फुप्फुसांसाठी घडलेली त्याची उजवी बाजू पहिल्याच दिवशी या भिंतीवर आदळते, फुगते आणि थकते.

म्हणून मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून हा दाब मोजतात. समजा, फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४५, डाव्या बाजूचा २५ आणि हृदय मिनिटाला ४ लिटर रक्त ढकलतंय. फरक २०, त्याला ४ ने भागलं की विरोध ५ वूड युनिट. साधारण ३ च्या वर डॉक्टर सावध होतात. ५ म्हणजे मोठा धोका. पण लगेच नकार देत नाहीत. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सलाइनमधून देतात आणि पुन्हा मोजतात. दाब ३० आणि १८ वर आले, प्रवाह ४.८ लिटर झाला, तर विरोध अडीच. रक्तदाब फार न घसरता हे साधलं, तर दार उघडं. बाकीच्या अटी बहुतेकांना ठाऊक असतात: सक्रिय कर्करोग नको, आटोक्यात नसलेला संसर्ग नको, तंबाखू (हो, मिश्रीसुद्धा) बंद.

औषधानेही विरोध उतरला नाही तर पंपाचा विचार होतो. डाव्या कप्प्याच्या टोकाला बसवलेला हा यांत्रिक पंप रक्त ओढून महाधमनीत टाकतो. आतलं चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं, मिनिटाला पाच-सहा हजार फेरे. डावी बाजू रिकामी राहू लागली की फुप्फुसांतलं तुंबणं ओसरतं, आणि काही महिन्यांत विरोध इतका उतरू शकतो की आधी नाकारलेला रुग्ण यादीत येतो. उजवी बाजू आधीच पार खचली असेल, तर मात्र एवढ्या पंपाने भागत नाही. प्रत्यारोपण शक्यच नसलेल्या काहींसाठी हा पंप कायमचाही बसवतात.

पंपाच्या माणसाची नाडी अनेकदा हाताला लागत नाही. शेजारचा घाबरतो, नवखा डॉक्टरही! पोटातून बाहेर आलेली वायर कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते, त्यामुळे पंचगंगेत पोहणं बंद. वायरच्या तोंडाशी लाली, पू, काळी शौच, कोलासारखी लघवी, तोंड वाकडं होणं. यांतलं काहीही दिसलं तर लगेच पंप बसवलेल्या रुग्णालयाला फोन. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजचीच.

दात्याचं हृदय मिळण्यातली अडचण वेगळी आहे. कोल्हापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतं. नेहमीच्या पद्धतीने बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तासांत पुन्हा धडधडायला हवं, आणि त्यातला तासभर टाके घालण्यातच जातो. कोल्हापूर-पुणे सुमारे २३० किलोमीटर. मूत्रपिंडाला हा रस्ता चालतो. हृदयाला ग्रीन कॉरिडॉर मिळाला तरी हिशेब काठावर येतो, मग विमान लागतं. ३ ऑगस्ट २०१५ ला पुण्याचं हृदय विमानानेच मुंबईला गेलं आणि मुलुंडमध्ये डॉ. अन्वय मुळे यांनी ते बसवलं. केईएमनंतर मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण व्हायला ४७ वर्षं लागली.

नंतरचं आयुष्य? जगभरच्या नोंदींत निम्मे रुग्ण बारा वर्षांहून जास्त जगतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ठरल्या वेळी, जन्मभर. गंगावेशीत म्हशीच्या धारेचं दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला सर्वांत जड जाईल ती सूचना ही: न उकळलेलं दूध बंद. पपनसही बंद, कारण ते गोळीची रक्तातली पातळी चढवतं. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून ते विश्रांतीतही नव्वद-शंभरने धडधडतं आणि जिना चढताना वेग पकडायला उशीर लावतं. व्यायामाआधी अंग तापवून घ्यावं लागतं. नसा नसल्यामुळे धमन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. दम लागणं, पाय सुजणं हीच खूण असू शकते, म्हणून काहीही दुखत नसताना ठरलेल्या मुदतीने अँजिओग्राफी करावीच लागते.