पाच लोगो, एक स्लाइड आणि कुणीच मोठं दिसायला नको

शहाडच्या उड्डाणपुलाजवळ लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स तुम्ही पाहिले असतील. मधला चेहरा कुणाचा, कडेला तळहाताएवढा कुणाचा, आणि खालच्या ओळीत स्टॅम्पसाइज कोण, हे बघून कार्यकर्त्यांची उतरंड कळते. वाचावं लागत नाही. चेहरा जेवढा मोठा तेवढा मान, हे आपल्या डोळ्यात इतकं मुरलंय की जिथे कुणालाही उतरंड दाखवायची नसते तिथेही आपण ती बघतो.

गेल्या वर्षी शहाडमध्येच आम्ही एक दिवसाचं चर्चासत्र घेतलं. पाच प्रायोजक होते आणि पाचही जणांनी सारखीच रक्कम दिली होती. आभाराच्या स्लाइडवर आम्ही सगळ्यांचे लोगो एका ओळीत, एकाच उंचीचे लावले. सारखी उंची म्हणजे सारखा मान, असा साधा हिशोब. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एका न्यासाचे ज्येष्ठ विश्वस्त मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाळा, आमच्या पाकिटात काही कमी होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. लाजिरवाणी गोष्ट अशी की डोळा आकारमान कसं जोखतो, हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे.

चूक कुठे होती ते बघू. लोगोचं प्रमाण म्हणजे रुंदी भागिले उंची. एका कंपनीचा लोगो म्हणजे नुसतं लांबलचक नाव, प्रमाण ६. न्यासाचा लोगो उभा, बारीक रेषांचं मानचिन्ह, प्रमाण ०.७. आम्ही उंची ठेवली होती दीड सेंटीमीटर. म्हणजे कंपनीला मिळाले ९ × १.५, साडेतेरा चौरस सेंटीमीटर. न्यासाला १.०५ × १.५, म्हणजे दीडच्या जरा वर. एकाला दुसऱ्याच्या साडेआठ पट जागा!

बरं, मग रुंदी सारखी ठेवायची? करून बघा. आता कंपनीचं नाव बारीक पट्टी होतं आणि न्यासाचं मानचिन्ह भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं लटकतं. फरक पुन्हा बरोब्बर साडेआठ पट, फक्त उलट दिशेने. गणितात हे सरळ दिसतं: उंची सारखी ठेवली तर क्षेत्रफळ प्रमाणाच्या पटीत वाढतं, रुंदी सारखी ठेवली तर त्याच पटीत घटतं.

हा फरक डोळ्याला तेवढाच जाणवतो का? अगदी तेवढा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जाणवलेलं प्रमाण हे खऱ्या प्रमाणाचा एक घात असतो, आणि क्षेत्रफळासाठी हा घातांक साधारण ०.७ धरतात. म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ते सुमारे १.६ पट मोठं वाटतं, आणि आमचा साडेआठ पटीचा फरक साडेचार पटींच्या आसपास वाटला असेल. विश्वस्तांना राग यायला तेवढा पुरे. पण याच नियमात एक दिलासाही आहे: दहा टक्क्यांची चूक सात टक्क्यांसारखीच वाटते, म्हणजे दशांशांवरून जीव काढायचं कारण नाही.

तर सुरुवात करायची ती सारख्या क्षेत्रफळापासून. एक आकडा ठरवा, आपण १२ चौरस सेंटीमीटर धरू. मग

```
रुंदी = √(१२ × प्रमाण)
उंची  = √(१२ ÷ प्रमाण)
```

कंपनीचं नाव (६) होतं ८.४९ × १.४१. सहकारी बँकेचा भरीव निळा गोल (१) ३.४६ × ३.४६. चिन्ह आणि शेजारी नाव असलेला एका प्रकाशनाचा लोगो (२.५) ५.४८ × २.१९. न्यास (०.७) २.९० × ४.१४. पाचवा, एका दुकानाचा भरीव लाल चौकोन (१), पुन्हा ३.४६. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटीमीटर असते. पाचांच्या रुंदीची बेरीज २३.७९, दोन्ही कडांना दोन-दोन सोडले तर मधल्या चार फटींना दीड-दीड सेंटीमीटर येतात. एका ओळीत छान बसतं.

पण हे लावून लांबून बघितलंत की लाल चौकोन ओरडतो आणि कंपनीचं नाव पुसट वाटतं. क्षेत्रफळ सारखं असूनही. कारण आपण मोजली ती लोगोभोवतीची चौकट, आतली शाई नाही. चौकोनात चौकट शंभर टक्के भरलेली आहे. भरीव गोलात ७८.५ टक्के, कारण चार कोपरे रिकामे. अक्षरांच्या लोगोत मात्र अक्षरांमधली आणि अक्षरांच्या आतली पोकळी असते. आमच्या कंपनीच्या नावात शाई भरली ३५ टक्के. प्रकाशनाची ५० आणि न्यासाची ४५.

मग शाईच सारखी करून टाकू? नको. मी करून पाहिलंय. चौकोन इतका आक्रसतो की बिचाऱ्याची दया येते. डोळा शाई बघतो तशी बाहेरची कडाही बघतो, दोन्हींचा मेळ घालतो. म्हणून मी अर्ध्या वाटेवर थांबते: पाचांच्या शाईची सरासरी काढायची (आपल्या उदाहरणात ०.६२), तिला त्या लोगोच्या शाईने भागायचं, आणि त्याचं वर्गमूळ क्षेत्रफळाला लावायचं. म्हणजे बाजूंना लावायचं ते चौथं मूळ. ही अर्धी वाट हा माझ्या डोळ्याचा कौल आहे, नियम नव्हे. तुम्हाला थोडं इकडेतिकडे करावंसं वाटलं तर करा.

आकडे असे बदलतात. चौकोन ३.४६ वरून ३.०७ वर येतो. गोल ३.२७ होतो, म्हणजे चौकोनापेक्षा किंचित मोठा. अक्षरं आखणारे लोक गोल अक्षर रेषेबाहेर जरासं काढतात ते याचसाठी, नाहीतर ते शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसतं. कंपनीचं नाव ९.७९ × १.६३, प्रकाशन ५.७८ × २.३१, आणि न्यास ३.१४ × ४.४९. फटी दीडच्या जागी १.२ होतात, पण सगळं अजूनही एका ओळीत मावतं.

हे हाताने मोजत बसू नका. पायथॉनमध्ये एवढंच लागतं:

```python
from PIL import Image
import numpy as np

im = Image.open("bank.png").convert("RGBA")
bg = Image.new("RGBA", im.size, "white")
g = np.array(Image.alpha_composite(bg, im).convert("L"))
ink = g < 242
ys, xs = np.where(ink)
box = ink[ys.min():ys.max()+1, xs.min():xs.max()+1]
h, w = box.shape
r, d = w / h, box.mean()
k = (0.62 / d) ** 0.25
print((12 * r) ** 0.5 * k, (12 / r) ** 0.5 * k)
```

यातली `box` ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. प्रायोजक जी पीएनजी फाइल पाठवतात तिच्यात बहुतेक वेळा चारी बाजूंना पारदर्शक किंवा पांढरी मोकळी जागा असते. हजार पिक्सेलच्या फाइलीत गोल सहाशेचाच असेल, तर तुम्ही देताय त्या जागेतली फक्त ३६ टक्के त्याला मिळते, आणि स्क्रीनवर काही चुकलेलं दिसत नाही. गणित बरोबर, लोगो मात्र चिमुकला. म्हणून स्लाइडवर लावण्याआधी प्रत्येक चित्र कडेपर्यंत क्रॉप करा. पांढऱ्या रंगातला लोगो असेल तर हा कोड त्याला शाई समजणारच नाही. तेव्हा रंगीत आवृत्ती मागवून घ्या.

देवनागरी लोगोंची आणखी एक गंमत आहे. नावात एकच दीर्घ ऊकार किंवा एखादी वेलांटी असली की चौकट खाली-वर ताणली जाते, आणि त्या एका मात्रेपायी सगळा शब्द लहान होतो. शाईचा हिशोब हे थोडंफार भरून काढतो, पूर्ण नाही. शिवाय शिरोरेषेमुळे शब्दाचा भार वरच्या बाजूला असतो. `Align Middle` दिलं की पॉवरपॉइंट चौकटीचा मध्य जुळवतं, आणि शब्द ओळीच्या वर सरकल्यासारखा दिसतो. असे लोगो मी कीबोर्डच्या बाणाने दोन-तीन टिचक्या खाली घेते. लोगोखाली बारीक घोषवाक्य असेल तर त्याचंही तेच: मध्य मुख्य चिन्हाचा धरायचा, घोषवाक्याला खाली लोंबू द्यायचं.

फटींसाठी पहिला आणि शेवटचा लोगो हाताने समासावर ठेवा, सगळे निवडा, `Align Selected Objects` चालू आहे ना बघा आणि `Distribute Horizontally` द्या. पाच सारखी घरं आखून प्रत्येकात एकेक लोगो मध्यभागी ठेवू नका. त्यात लांब नाव घरात कोंबलं जातं आणि उभ्या मानचिन्हाभोवती मैदान उरतं. मोकळी जागा हाही मानच असतो, डोळा ती मोजतो. आकार बदलताना `Lock aspect ratio` वर खूण असू द्या, कारण चेपलेला लोगो मालकाला दहा फुटांवरून ओळखू येतो.

गडद पार्श्वभूमीवर मात्र सगळं पुन्हा तपासा. काळ्यावरचं पांढरं त्याच आकाराच्या पांढऱ्यावरच्या काळ्यापेक्षा मोठं वाटतं. तेजस्वी ग्रह नुसत्या डोळ्यांना खऱ्यापेक्षा मोठे भासतात हे गॅलिलिओच्याही लक्षात आलं होतं, आणि सभागृहातला प्रोजेक्टर हा परिणाम वाढवतोच. आभाराची स्लाइड पांढरी ठेवली तर हा प्रश्न येतच नाही.

शेवटची तपासणी पैसे न लागणारी. `Slide Sorter` मध्ये जा, स्लाइड काड्यापेटीएवढी करा आणि डोळे किलकिले करून बघा. अक्षरं विरघळतात, उरतात ते पाच डाग. एखादा डाग आधी डोळ्यात भरला तर त्याला पाच टक्के कमी करा, एखादा शोधावा लागला तर पाच टक्के वाढवा. लाल आणि केशरी रंग इथेच पकडले जातात. वरचा कोड रंग ओळखत नाही, तो फक्त शाई आहे की नाही एवढंच बघतो.

एक गोष्ट कुठल्याच सूत्राने सुटत नाही: डावीकडचा लोगो आधी वाचला जातो. यंदा आम्ही अकारविल्हे लावले आणि वर तसं बारीक अक्षरात लिहिलं. न्यासाचं नाव त्यामुळे चौथ्या जागी आलं. विश्वस्त पहिल्या रांगेत होते. स्लाइड लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शेजाऱ्याला बोटाने काहीतरी दाखवलं. चहाच्या वेळी आमचं बोलणं झालं ते फक्त बटाटेवड्याबद्दल.