लांब पंखांचा हिशेब

पुण्यात हडपसरच्या धावपट्टीवर ग्लायडर जवळून पाहिलं, तर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते त्याचे पंख. धड जेमतेम माणूस मावेल एवढं, आणि पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-पंधरा मीटर लांब, तेही अगदी अरुंद. या लांबीमागे एक हिशेब आहे.

विमान हवेत टिकतं ते हवेला खाली ढकलून. पंख हवेला खाली रेटतो आणि हवा पंखाला वर उचलते. पण खाली ढकललेली हवा विमान पुढे गेल्यावरही खाली जात राहते, पंखांच्या टोकांमागे भोवरे करत घुसळत राहते. तिला मिळालेली ही ऊर्जा विमानाच्याच खिशातून गेलेली असते. त्याची भरपाई म्हणून विमानाला मागे खेचणारी जी ओढ सोसावी लागते, तिला ‘इंड्यूस्ड ड्रॅग’ म्हणजे प्रेरित ओढ म्हणतात. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिचं गणित बसवलं. भोवऱ्यांमुळे ओढ निर्माण होते असं अनेकदा सांगितलं जातं, पण भोवरे ही त्या खर्चाची दिसणारी खूण आहे. खर्च होतो तो हवेला खाली ढकलण्यात.

आता आकडे घेऊ. वैमानिकासह ४०० किलोचं, १५ मीटर पंखविस्ताराचं ग्लायडर ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललं आहे. पंख ज्या हवेला हात घालतो, ती पंखविस्ताराएवढ्या व्यासाच्या वर्तुळाकार बोगद्यातली आहे, असं धरता येतं. त्या हिशेबाने दर सेकंदाला साधारण ५,४०० किलो हवा त्याच्या तावडीत येते. ४०० किलो वजन पेलायला या हवेला सेकंदाला अवघ्या पाऊण मीटरच्या आसपास वेगाने खाली ढकललं की पुरतं. त्यातून येणारी प्रेरित ओढ, पंखाची रचना आदर्श धरली तर, ६ किलो वजनापेक्षा किंचित कमी भरते.

आता पंखविस्तार निम्मा, म्हणजे साडेसात मीटर करू. पंखाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवायचं, म्हणजे पंख दुप्पट रुंद होईल. बोगद्याचा व्यास निम्मा झाल्यामुळे हवा एक चतुर्थांश उरली: १,३५० किलो. वजन तर तेवढंच पेलायचं आहे, म्हणून हवेला चौपट वेगाने, सेकंदाला जवळजवळ तीन मीटरने, खाली रेटावं लागतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हवा चतुर्थांश असली तरी खर्च चौपट होतो आणि ओढ २३ किलोवर जाते. हवेच्या घर्षणाची वगैरे इतर ओढ दोन्ही वेळा ४ किलो धरली, तर लांब पंखांचं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत सुमारे ४० किलोमीटर जाईल, आखूड पंखांचं १५ किलोमीटरही गाठणार नाही.

पंखविस्ताराच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागलं की येतो ‘ॲस्पेक्ट रेशो’. आपल्या पहिल्या ग्लायडरचं क्षेत्रफळ साडेदहा चौरस मीटर असेल, तर तो २१ च्या वर येतो, दुसऱ्याचा पाचाच्या थोडा वर. ॲस्पेक्ट रेशो वाढला की प्रेरित ओढ घटते, असं पुस्तकं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धवट वाचलं तर फसवतं. विस्तार १५ मीटरच ठेवून पंख निम्मा अरुंद केला, तर ॲस्पेक्ट रेशो दुप्पट होतो, आणि त्याच वेगाला, त्याच वजनाला प्रेरित ओढ मात्र तसूभरही बदलत नाही, कारण बोगदा तेवढाच राहिला. घटते ती घर्षणाची ओढ, कारण हवा घासायला पृष्ठभाग कमी उरतो. प्रेरित ओढीत खरी कमाई विस्ताराची आहे.

वेगाचं गणित याच्या उलट चालतं. तेच ग्लायडर ताशी १८० किलोमीटरने गेलं, तर दुप्पट हवा हाताशी येते आणि प्रेरित ओढ चौथ्या हिश्शावर, दीड किलोच्या आत येते. घर्षणाची ओढ तेवढ्यात जवळजवळ चौपट झालेली असते. म्हणून लांब पंखांचा फायदा सर्वांत जास्त मिळतो तो संथ उड्डाणात, चढताना आणि विरळ हवेत उंचावर. खूप वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानांना आखूड पंख परवडतात ते यामुळेच.

मग प्रवासी विमानांचे पंखही ग्लायडरसारखे का नाहीत? पंख जितका लांब, तितका त्याच्या मुळाशी वाकवणारा जोर मोठा. तो सोसायला पंख जाड आणि जड करावा लागतो, आणि ते वाढलेलं वजन पेलायला पुन्हा ओढ वाढते. एका मर्यादेपलीकडे लांबी नफ्याची राहत नाही. शिवाय विमानतळावरची जागा ठरलेली असते. मोठ्या विमानांच्या बहुतेक उभं राहण्याच्या जागा ६५ मीटरपेक्षा कमी विस्तारासाठी आखलेल्या आहेत. बोइंगने ७७७-एक्स या विमानाचे पंख सुमारे ७२ मीटरचे केले, आणि जमिनीवर त्यांची टोकं वर दुमडून विस्तार ६५ मीटरच्या आत आणण्याची सोय केली. त्यासाठी बिजागरीचं वजन आणि गुंतागुंत पत्करली.